माल पुन्हा पुन्हा रिजेक्ट होतोय? सप्लायरला करेक्टिव्ह अ‍ॅक्शन मागताना या चुका टाळा

इनकमिंगला लागोपाठ तिसरा लॉट रिजेक्ट झाला की बहुतेक ठिकाणी सप्लायरला मेल जातो: "वारंवार सूचना देऊनही क्वालिटीत सुधारणा नाही, तातडीने करेक्टिव्ह अ‍ॅक्शन कळवा." दोन दिवसांत उत्तर येतं: "ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं आहे, यापुढे काळजी घेऊ." फाइल बंद होते आणि चौथा लॉटही तसाच येतो. उत्तर पोकळ असतंच, पण त्याआधी आपली मागणीही पोकळ असते.

एक उदाहरण घेऊ. झिंक प्लेटिंग केलेला स्टीलचा बुश आहे. बोअर 12 H7, म्हणजे प्लेटिंगनंतर 12.000 ते 12.018 मिमी. 2000 नगांच्या लॉटमधून 125 तपासले, त्यातल्या 17 नगांत गो गेज जात नाही.

पहिली चूक इथेच होते. रिपोर्टवर "बोअर अंडरसाइज" एवढंच लिहिलं जातं. गेज नेमका कुठे अडकतो ते कुणी लिहीत नाही. या बुशमध्ये तो तोंडाशीच अडकतो. जरा आत सरकला की पुढे मोकळा जातो. या एका वाक्यात निम्मा तपास आहे. प्लेटिंगचा थर बोअरच्या तोंडाशी जाड बसतो आणि आत पातळ होत जातो. बोअर मुळातच लहान रीम झाला असता तर गेज पूर्ण लांबीत घट्ट लागला असता. म्हणून लॉट नंबर, किती तपासले, किती नापास, दोष कुठे आणि प्रत्यक्ष रीडिंग किती, हे सगळं लिहा. नापास नगांपैकी चार-पाच नग खूण करून सप्लायरला पाठवा.

मेल पाठवण्याआधी गेजचीही खात्री करून घ्या. सप्लायर त्याच्या रिपोर्टवर 12.008 दाखवतो आणि आपल्याकडे गेज जात नाही, तेव्हा "तुमचा गेज झिजलाय" असा वाद हमखास होतो. तेच खूण केलेले नग दोघांच्या गेजने, शक्य असल्यास समोरासमोर, तपासले की तो वाद संपतो. इथे तसं केल्यावर दोघांचे गेज ठीक निघाले. मग 12.008 आलं कुठून? सप्लायरचं फायनल इन्स्पेक्शन प्लेटिंगच्या आधी होत होतं. नंतर माल प्लेटिंगवाल्याकडे जायचा आणि तिथून पिशव्या न उघडताच आपल्याकडे यायचा.

आता सर्वांत महागात पडणारी चूक: एकच "का" विचारून थांबणं. दोष निर्माण का झाला आणि तो सप्लायरच्या दारातून बाहेर का पडला, हे वेगळे प्रश्न आहेत. मागणीतच दोन्ही लिहा, नाहीतर सोप्या प्रश्नाचंच उत्तर मिळतं. या बुशमध्ये दोष बाहेर पडला, कारण प्लेटिंगनंतर कुणी गेज लावतच नव्हतं. आणि निर्माण झाला, कारण सप्लायरच्या प्रोसेस शीटवर रीमिंगसाठीही आपल्या ड्रॉइंगवरचंच माप छापलेलं होतं. थरासाठी जागा ठेवलीच नव्हती. ऑपरेटरने शीटप्रमाणे अचूक काम केलं होतं, त्याला दहा वेळा ट्रेनिंग दिलं असतं तरी फरक पडला नसता.

हिशोब मांडून पाहा. बोअरमध्ये थर एका बाजूला 3 ते 8 मायक्रॉन बसत असेल, तर व्यासात 6 ते 16 मायक्रॉन कमी होतात. मग प्लेटिंगआधीचा बोअर 12.016 ते 12.024 हवा. म्हणजे हातात फक्त 8 मायक्रॉन उरतात, आणि नुसत्या रीमिंगवर ते रोज सांभाळणं कठीण आहे. सप्लायरने फक्त "प्रोसेस शीट सुधारली" असं लिहिलं तर ते अपुरं आहे. होनिंग करणार, की बोअर झाकून प्लेटिंग करणार, हे विचारा. आणि आपल्या डिझाइनवाल्यांनाही विचारा: बोअरमध्ये प्लेटिंग खरंच लागते का? लागत नसेल तर ड्रॉइंगवर तसं लिहिणं हाच सर्वांत स्वस्त उपाय.

तपास चालू असताना वाटेतला माल विसरू नका. आपल्या स्टोअरमध्ये, सप्लायरकडे, प्लेटिंगवाल्याकडे आणि टेम्पोत किती नग आहेत ते पहिल्याच दिवशी मागवा आणि ते शंभर टक्के गेजने तपासून घ्या. मात्र ही छाननी म्हणजे करेक्टिव्ह अ‍ॅक्शन नव्हे. उत्तरात तेवढंच आलं असेल तर परत पाठवा.

फाइल उत्तर आलं म्हणून बंद करू नका. सुधारित प्रोसेसचे पुढचे तीन लॉट येऊ द्या, प्रत्येकाबरोबर प्लेटिंगनंतरची रीडिंग मागवा आणि नो-गो गेजही लावा. बोअर मोठा केल्यावर ज्या नगांत थर पातळ बसला आहे, त्यांत आता तो गेज आत जाऊ शकतो.