नोंद नसलेल्या मुलीची जन्मतारीख ठरवताना

दत्तक घेतलेल्या आमच्या मुलीच्या जन्माची कोणतीही नोंद नव्हती आणि उंचीवरून ती जेमतेम चार वर्षांची वाटत होती. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय साडेचारच्या आसपास आले. मात्र कुपोषणाने हाडांची वाढ मागे पडते, म्हणून तेवढ्यावर तारीख ठरवणे मला धोक्याचे वाटले. दंतवैद्यांना दुधाच्या शेवटच्या दाढेमागे कायमची पहिली दाढ हिरडीतून डोकावताना दिसली. ती साधारण सहाव्या वर्षी येते आणि कुपोषणाचा परिणाम दातांवर तुलनेने कमी होतो. तरीही वर्षभराचा फरक पडू शकतो, म्हणून आम्ही थांबलो. चांगल्या आहाराने तिची उंची झपाट्याने वाढली, तेव्हा डॉक्टरांच्या लेखी अभिप्रायासह, दंततपासणीच्या दिवसापासून सहा वर्षे मागे मोजून आलेल्या तारखेसाठी अर्ज केला.