इनपुट-आउटपुट मशीन: शब्द सरकला की जागा बदलली?

बँकेच्या परीक्षांतल्या इनपुट-आउटपुटमध्ये 'शब्द वर्णक्रमाने लागतात' एवढं कळलं की बरेच जण लगेच प्रश्नांकडे वळतात. गुण तिथेच जातात. क्रम कोणता हे कळलं तरी शब्द त्या जागी कसा पोचतो, हे पाहायचं राहून जातं.

हे इनपुट घ्या:

नदी खडू आंबा दगड चहा मका

शेवटची ओळ उघड आहे: आंबा खडू चहा दगड नदी मका. पण तिथवर जाण्याच्या वाटा दोन आहेत.

शिफ्टिंगमध्ये शब्द उचलून पुढे ठेवतात आणि मधले सगळे एकेक घर मागे सरकतात:

१: आंबा नदी खडू दगड चहा मका
२: आंबा खडू नदी दगड चहा मका
३: आंबा खडू चहा नदी दगड मका
४: आंबा खडू चहा दगड नदी मका

इंटरचेंजमध्ये दोनच शब्द आपसात जागा बदलतात, बाकीचे हलत नाहीत:

१: आंबा खडू नदी दगड चहा मका
२: आंबा खडू चहा दगड नदी मका

एकीकडे चार स्टेप, दुसरीकडे दोन. शिवाय शिफ्टिंगची दुसरी ओळ आणि इंटरचेंजची पहिली ओळ अगदी सारखी आहे. त्यामुळे पद्धत चुकली तरी तुमचं उत्तर पर्यायांत सापडू शकतं आणि चूक लक्षातही येत नाही.

नियम ओळखायला दिलेल्या उदाहरणातली अशी स्टेप शोधा, जिथे शब्द लांबून आला आहे. शिफ्टिंगच्या तिसऱ्या स्टेपमध्ये चहा पाचव्या घरातून तिसऱ्यात आला, तेव्हा नदी आणि दगड दोघंही हलले. इंटरचेंज असता तर दगड जागचा हलला नसता. शेजारच्या घरातून शब्द येतो तेव्हा (वरची दुसरी किंवा चौथी स्टेप) दोन्ही पद्धती सारख्याच दिसतात. त्या स्टेपवरून काही ठरवू नका.

दुसरी चूक मोजण्यातली. इंटरचेंजच्या पहिल्या स्टेपनंतर खडू आधीच दुसऱ्या घरात आहे. काही विद्यार्थी तीच ओळ पुन्हा लिहून तिला 'दुसरी स्टेप' म्हणतात आणि पुढची सगळी मोजणी एकाने चुकते. शब्द जागेवर असेल तर स्टेप खर्च होत नाही, मशीन पुढच्या शब्दाकडे जातं. दर स्टेपला एकच शब्द लागत असेल तर सहा शब्दांना जास्तीत जास्त पाच स्टेप लागतात, कारण पाच लागले की सहावा आपोआप लागलेला असतो.

'दुसरी स्टेप दिली आहे, इनपुट कोणतं?' या प्रश्नात उलटं जाऊ नका. 'नदी दगड आंबा चहा खडू मका' हे इनपुट शिफ्टिंगने चालवून पाहा. दुसऱ्या स्टेपला वरचीच ओळ येते. उत्तर 'सांगता येत नाही' हेच.