दर्शनी किमतीच्या वर चाललेला कॉलेबल बाँड: वायटीएम बघून फसू नका, या चुका टाळा

एक बाँड समोर ठेवू आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून बोलू. दर्शनी किंमत 100, वर्षाला 9 टक्के कूपन, मुदतपूर्तीला 10 वर्षं बाकी. बाजारात भाव 110. माहितीपत्रकात एक ओळ आहे, आणि बहुतेकांची नजर तिथपर्यंत पोचतच नाही: तीन वर्षांनी कंपनीला हा बाँड 102 देऊन परत घेता येईल. हा झाला कॉलचा हक्क. तो कंपनीचा असतो, तुमचा नाही.

कोटेशनमध्ये ठळक अक्षरात दिसतं ‘वायटीएम 7.54 टक्के’. वायटीएम म्हणजे मुदतपूर्तीपर्यंतचा वार्षिक परतावा. आकडा खरा आहे, गणितही बरोबर आहे. फक्त ते एका अटीवर उभं आहे: बाँड पूर्ण 10 वर्षं जिवंत राहिला तर. तिसऱ्या वर्षी कंपनीने तो परत घेतला तर तुमच्या हातात पडतो 5.9 टक्के. हा वायटीसी, म्हणजे कॉलच्या तारखेपर्यंतचा परतावा. दोन आकड्यांत दीड टक्क्याहून जास्त अंतर आहे, आणि ते येतं एका साध्या गोष्टीतून. तुम्ही 110 मोजले आणि परत मिळणार 102. वरचे 8 बुडणार हे नक्की. बाँड पूर्ण मुदत चालला असता तर 10 बुडले असते, पण ते 10 वर्षांच्या कूपनांवर पसरून दरवर्षी थोडेथोडे झिजले असते. आता 8 तीनच वर्षांत झिजवायचे आहेत.

पहिली चूक: कूपनकडे बघून समाधान मानणं

‘9 मिळतायत, 110 ला घेतला, म्हणजे 8.18 टक्के सुटले’ असा हिशेब मी फार वेळा ऐकला आहे. 9 भागिले 110 म्हणजे चालू परतावा. त्यात वरचे 8 किंवा 10 बुडणार याचा कुठेच पत्ता नसतो. दर्शनी किमतीच्या वर घेतलेल्या बाँडमध्ये प्रत्येक कूपनचा एक तुकडा हा तुमचाच पैसा तुम्हाला परत येत असतो. तो उत्पन्न समजून खर्च केला की परतफेडीच्या दिवशी मुद्दल कमी भरते.

दुसरी चूक: 7.54 चा अर्थ ‘निदान एवढे तरी’ असा घेणं

कॉल झाला तर काय लागेल ते उलट बाजूने बघा. 10 वर्षांच्या शेवटी 7.54 टक्क्यांनी वाढलेली रक्कम हवी असेल, आणि पहिली तीन वर्षं 5.9 टक्क्यांनी गेली असतील, तर उरलेली सात वर्षं पैसा जवळपास 8.25 टक्क्यांनी वाढायला हवा. (मधली कूपनंही त्या-त्या दराने गुंतवली असं धरलं आहे.)

पण कंपनीने बाँड परत का घेतला असेल? तिला बाजारात स्वस्त कर्ज मिळायला लागलं म्हणून. समजा तिला 6.5 टक्क्यांनी नवीन कर्ज मिळतंय. 102 उभे करून जुना बाँड फेडला तर तिचं वर्षाचं व्याज 9 वरून 6.63 वर येतं. शेवटी 2 जास्त फेडावे लागले तरी सात वर्षांचा हिशेब तिच्या बाजूने लागतो. म्हणजे तुमच्या हातात पैसा परत येतो तो नेमका अशा वेळी, जेव्हा त्याच दर्जाची कंपनी 6.5 टक्केच देत असते. 8.25 टक्के मिळवायचे तर त्याहून कच्च्या कर्जदाराकडे जावं लागेल. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं: दर पडले की कॉल होतो, दर चढले की होत नाही, आणि दोन्ही वेळा निवड समोरच्याची असते.

तिसरी चूक: तारीख बदलली, परतफेडीची किंमत तशीच ठेवली

स्प्रेडशीटमध्ये सगळ्यात जास्त गफलत इथे होते. वायटीएमचं सूत्र कॉपी करून लोक वर्षं 10 ची 3 करतात आणि शेवटचा 100 तसाच राहतो. वर्षाला एकदा कूपन असेल तर बरोबर सूत्रं अशी:

```
=RATE(10, 9, -110, 100)   → 7.54%
=RATE(3, 9, -110, 102)    → 5.90%
=RATE(3, 9, -110, 100)    → 5.31%  (चूक)
```

तिसऱ्या ओळीत कॉलचा 2 चा प्रीमियम गळाला आणि परतावा अर्ध्या टक्क्याहून जास्त खाली दिसला. उलटही होतं: कॉलची किंमत वायटीएमच्या सूत्रात राहून जाते आणि परतावा फुगतो. `YIELD` वापरत असाल तर `maturity` च्या जागी कॉलची तारीख आणि `redemption` च्या जागी 102, दोन्ही एकत्र बदलायला हवेत.

उत्तर `#NUM!` आलं तर आधी भावापुढचं उणे चिन्ह तपासा. `RATE` मध्ये तो पैसा तुमच्या खिशातून जातोय हे सांगावं लागतं. (`YIELD` मध्ये मात्र भाव अधिकच लिहायचा.) उत्तर अपेक्षेच्या निम्मं आलं तर कूपन सहामाही आहे आणि शेवटचा गुणाकार विसरला आहे. याच बाँडचं कूपन 4.5 असं वर्षातून दोनदा आलं तर `=RATE(6, 4.5, -110, 102)` चं उत्तर 2.97 टक्के येतं. ते सहा महिन्यांचं आहे. त्याला दोनने गुणून 5.93 होतात.

आणखी एक. दोन कूपनांच्या मध्ये बाँड घेतला तर तुम्ही भावाशिवाय साचलेलं व्याजही देता. `YIELD` ला त्याशिवायचा भाव द्यायचा असतो, साचलेलं व्याज ते स्वतः धरतं. खात्यातून गेलेली एकूण रक्कम तिथे टाकली तर परतावा विनाकारण कमी दिसेल.

चौथी चूक: ‘100 च्या वर भाव म्हणजे वायटीसीच कमी’

हा नियम पाठ करून ठेवलेला असतो, आणि तो अर्धाच खरा आहे. कॉलची किंमत बरोबर 100 असेल तर तो लागू पडतो. इथे ती 102 आहे. समजा भाव 110 नाही, 101 आहे. आता वायटीएम 8.85 टक्के येतो आणि वायटीसी 9.21 टक्के! 101 ला घेऊन तीन वर्षांत 102 मिळत असतील तर कॉल म्हणजे तुमचा फायदाच. या बाँडसाठी दोन्ही आकडे जुळतात ते भाव साधारण 102.56 असताना, आणि परतावा तेव्हा 8.61 टक्के असतो. त्याच्या खाली वायटीएम कमी, त्याच्या वर वायटीसी कमी.

हा जुळणारा भाव कॉलच्या किमतीहून थोडा वर का? कारण बाँड 10 वर्षं ठेवला तरी त्याची किंमत हळूहळू 100 कडे उतरतच असते. आज 102.56 असलेला बाँड परतावा न बदलता तीन वर्षांनी आपोआप 102 वर येतो, आणि मग कॉल झाला काय न झाला काय, तुम्हाला सारखंच. म्हणून भाव 100 आणि कॉलची किंमत यांच्या आसपास घोटाळत असेल तेव्हा नियमावर विसंबू नका, दोन्ही आकडे काढा.

पाचवी चूक: फक्त पहिल्या कॉलची तारीख धरणं

माहितीपत्रकात बहुधा एक तारीख नसते, वेळापत्रक असतं. आपल्या बाँडचं असं असू शकतं: तिसऱ्या वर्षी 102, चौथ्या वर्षी 101, पाचव्यापासून 100. परतावे येतात 5.90, 6.32 आणि 6.59. सगळ्यात वाईट पहिलीच तारीख, त्यामुळे चूक लपून जाते.

आता त्याच बाँडचं वेळापत्रक थोडं बदलून बघा: तिसऱ्या वर्षी 105, चौथ्या वर्षी थेट 100. भाव तोच 110. पहिल्या कॉलला परतावा 6.76 टक्के, दुसऱ्याला 6.11. एक वर्ष जास्त 9 चं कूपन मिळूनही चौथं वर्ष वाईट ठरलं, कारण परतफेडीच्या किमतीतून 5 गेले. ज्याने फक्त पहिली तारीख मोजली त्याने स्वतःला 6.76 चं आश्वासन दिलं. म्हणून प्रत्येक तारखेला तिची किंमत लावून परतावा काढायचा, मुदतपूर्तीचाही काढायचा, आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा घ्यायचा. याला यील्ड टू वर्स्ट म्हणतात. भाव 100 च्या वर असताना दोन बाँडची तुलना याच आकड्यावर करावी असं माझं ठाम मत आहे.

काही बाँडमध्ये ‘मेक-होल’ कॉल असतो. तिथे कॉलची किंमत ठरलेली नसते. उरलेली देणी त्या वेळच्या सरकारी रोख्यांच्या दरावर थोडी भर घालून आजच्या किमतीला आणली जातात. दर पडले की ती किंमतही चढते, त्यामुळे वर सांगितलेला धोका तिथे बराच कमी होतो. कलम कोणतं आहे ते वाचल्याशिवाय वायटीसी काढायला बसू नका.

सहावी चूक: कॉलची तारीख उलटून गेली म्हणजे धोका टळला

हे मला खरंच काळजीचं वाटतं. समजा तीन वर्षं होऊन गेली, कंपनीने बाँड परत घेतला नाही, आणि ती आता 30 दिवसांच्या नोटिशीवर केव्हाही 102 ला घेऊ शकते. बाजारात भाव 103.5. स्क्रीनवर वायटीएम अजून आठ टक्क्यांच्या वर दिसतो आणि माणूस खूश होऊन घेतो. नुकतंच कूपन देऊन झालंय असं धरा. दुसऱ्या दिवशी नोटीस आली तर महिन्याभराने मिळणार 102 आणि त्या महिन्याचं 0.75 व्याज, म्हणजे 102.75. दिले होते 103.5. एका महिन्यात 0.72 टक्के तोटा, वर्षाच्या हिशेबाने जवळपास उणे 8.7. वायटीसीचं हे उणे उत्तर पाहून लोक सूत्रात चूक शोधत बसतात. सूत्र बरोबर असतं, 1.5 जास्त मोजलेले असतात.

उलट टोकाला जाऊ नका एवढंच. वायटीसी हे भाकीत नव्हे. कंपनीकडे फेडायला पैसा नसेल, तिची पत घसरली असेल किंवा नव्या कर्जाचा खर्च बचतीहून जास्त असेल, तर 9 टक्क्यांचं महाग कर्जही ती तसंच चालू ठेवते. यील्ड टू वर्स्टसुद्धा कंपनी देणी वेळेवर देईल असं धरूनच काढलेला असतो, आणि मधेच बाँड विकावा लागला तर तोही लागू पडत नाही. 110 ला घ्यायचा की नाही हे ठरवताना मी 5.9 टक्क्यांची तुलना तीन वर्षांच्या साध्या, कॉल नसलेल्या, त्याच दर्जाच्या बाँडशी करतो, 10 वर्षांच्या बाँडशी नाही. तो साधा बाँड 6.2 टक्के देत असेल, तर हा 110 ला महाग आहे.