फोनवरचं वाचता येत नसेल तर चिन्हं ओळखताना या चुका टाळा

मागे बाबांच्या फोनची भाषा कशी कोण जाणे, अरबी झाली. सेटिंगमध्ये काहीतरी शोधताना चुकून दाबलं गेलं असणार. त्यांना मेनूची सगळी बटणं जागेवरून पाठ होती, म्हणजे वर उजवीकडे तीन टिंबं, वर डावीकडे तीन रेघा, असं. आता ते उजवीकडे दाबत होते तर भलतीच यादी बाहेर येत होती आणि परत जायला डावीकडे बाणच नव्हता. फोन बिघडला म्हणून ते अर्धा दिवस हात न लावता बसले होते. फोन अगदी ठीक होता. अरबी, उर्दू या भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात ना, म्हणून अख्खी स्क्रीन आरशात बघितल्यासारखी उलटते, मेनू उजवीकडे जातो, टिंबं डावीकडे जातात आणि मागे जाण्याचा बाण उजवीकडे तोंड करून उभा राहतो.

अक्षर वाचता येत नसतं तेव्हा माणूस चित्र बघतो, पण अर्धवट बघतो, आणि गडबड तिथेच होते. भाषा अनोळखी असो, इंग्रजी वाचायची सवय नसो किंवा चष्मा सापडत नसो, चुका साधारण त्याच होतात.

पहिली चूक: तीन रेघा दिसल्या की मेनू समजणं

सगळ्यात जास्त फसवणूक या रेघांमध्ये आहे म्हणून यावर जरा थांबू. एकाखाली एक तीन सारख्या लांबीच्या रेघा, त्याही स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात, म्हणजे हॅम्बर्गर मेनू. वरखाली पाव आणि मधे टिक्की असं दिसतं म्हणून ते नाव पडलं. चिन्ह तसं जुनं आहे, झेरॉक्स कंपनीच्या स्टार नावाच्या कॉम्प्युटरसाठी नॉर्म कॉक्स यांनी ते काढलं होतं, तो कॉम्प्युटर 1981 साली आला. ते दाबलं की बाजूने एक पट्टी सरकत येते आणि त्यात ॲपचे मोठे मोठे विभाग असतात.

आता त्याच रेघा वरून खाली लहान लहान होत गेल्या असतील तर तो मेनू नाही. लहान होताना त्या मधोमध राहिल्या असतील, म्हणजे नरसाळ्यासारखा आकार होत असेल, तर तो फिल्टर. काही ॲपमध्ये सरळ नरसाळंच काढलेलं असतं, अर्थ तोच, यादीतलं नको ते गाळून टाकणं. आणि लहान होताना सगळ्या रेघांची डावी टोकं एका ओळीत असतील तर बहुतेक वेळा ते सॉर्ट असतं, म्हणजे गाळायचं काही नाही, फक्त क्रम बदलायचा, आधी नवीन की आधी जुनं असं. एवढ्याशा चिन्हात हा फरक पटकन दिसत नाही हे खरं आहे, त्यामुळे दाबल्यावर काय उघडतं ते बघा. फिल्टरमध्ये सहसा बरेच चौकोन टिक करायला मिळतात, सॉर्टमध्ये एकच गोल निवडता येतो.

तिसरा प्रकार म्हणजे रेघांवर एकेक मणी ओवलेला असतो, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. खरेदीच्या किंवा शोधायच्या ॲपमध्ये, सर्चच्या पट्टीजवळ हे दिसलं तर तो फिल्टरच. पण हेच मणीवालं चित्र सेटिंगच्या यादीत दिसलं तर अर्थ बदलतो, सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ते जनरल मॅनेजमेंटचं चिन्ह आहे आणि भाषा बदलायची जागा नेमकी त्याच्या आत असते. बाबांच्या फोनमध्ये हे आम्हाला फार उपयोगी पडलं, पुढे सांगते.

आणि चौथा प्रकार, यादीतल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन किंवा तीन छोट्या रेघा, कधी सहा टिंबं. लोक तिथे टक टक करत बसतात आणि काहीच होत नाही. ती दाबायची जागा नाहीच मुळी, ती धरायची मूठ आहे. बोट ठेवायचं, उचलायचं नाही, आणि ओळ वर किंवा खाली ओढायची.

फिल्टरबद्दल अजून एक, कारण यात लोक खूप घाबरतात. यादीतलं अर्धं सामान किंवा मेसेज अचानक गायब झाले की डिलीट झालं असं वाटतं. आधी फिल्टरचं चिन्ह बघा. त्यावर छोटा ठिपका किंवा आकडा आलाय का, किंवा बाकीची चिन्हं पोकळ असताना तेच रंगाने भरलेलं आहे का? तसं असेल तर फिल्टर चालू राहिलाय, काहीही गेलेलं नाही. बहुतेक वेळा चालू फिल्टरच्या पट्टीवर छोटी फुली असते, ती दाबली की सगळं परत दिसतं.

दुसरी चूक: टिंबं मोजणं पण ती कशी मांडली आहेत ते न बघणं

उभी तीन टिंबं किंवा आडवी तीन टिंबं, दोन्हीचा अर्थ एकच, 'अजून पर्याय'. अँड्रॉइडवर बहुतेक उभी दिसतात, आयफोनवर बहुतेक आडवी. हॅम्बर्गर आणि यात गोंधळ होतो तर एवढं लक्षात ठेवायचं की रेघांचा मेनू अख्ख्या ॲपचा असतो आणि टिंबं ज्याच्या शेजारी आहेत त्याची असतात. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात असतील तर त्या पानाची, एका फोटोच्या किंवा एका गाण्याच्या ओळीत असतील तर फक्त त्या फोटोची किंवा गाण्याची. म्हणून एका ओळीतली टिंबं दाबून डिलीट केलं तर तेवढीच ओळ जाते आणि सेटिंग शोधायला ओळीतली टिंबं दाबली तर सेटिंग सापडत नाही.

टिंबं रेघांनी जोडलेली असतील, म्हणजे एका टिंबातून दोन फांद्या फुटून दोन टिंबांपर्यंत गेल्यात, तर ते शेअर. हे अँड्रॉइडवरचं शेअर. आणि स्क्रीनच्या खाली मधोमध बारीक टिंबांची ओळ असेल, त्यातलं एकच गडद, तर ते मेनूचं बटण नाही, तुम्ही कितव्या पानावर आहात ते दाखवतात, तिथे बोटाने बाजूला सरकवायचं.

तिसरी चूक: बाणाची दिशा न बघणं

आयफोनवर शेअरचं चिन्ह वेगळं आहे, एक चौकोन आणि त्यातून वर बाहेर जाणारा बाण. अँड्रॉइडची सवय असलेल्या माणसाला ते अपलोड वाटतं किंवा डाउनलोड वाटतं. बाण खाली येऊन आडव्या रेघेवर किंवा ट्रेवर टेकत असेल तर डाउनलोड, म्हणजे आपल्या फोनमध्ये येतंय. बाण चौकोनाच्या बाहेर वर जात असेल तर आपल्याकडून बाहेर जातंय. मेलच्या ॲपमध्ये मात्र झाकण असलेल्या खोक्यावर खाली बाण असतो, ते डाउनलोड नाही, ते अर्काइव्ह, मेल इनबॉक्समधून हलवून बाजूला ठेवला जातो. तो पुसला जात नाही, सर्चमध्ये सापडतो, पण ज्याला हे माहीत नाही तो मेल गेला म्हणून हवालदिल होतो.

शेअर चुकून दाबलं गेलं तरी लगेच कुणाला काही जात नाही. आधी कुठल्या ॲपने, कुणाला पाठवायचं याची यादी उघडते, तिथून मागे आलात की विषय संपला. मेनू, टिंबं, फिल्टर यांचंही तसंच, नुसतं उघडल्याने काही बिघडत नाही. जपायचं ते कचऱ्याच्या डब्याला आणि लाल अक्षरातल्या बटणाला, आणि न वाचता येणाऱ्या चौकटीत दोन बटणं आली तर अंदाजाने दाबू नका, मागे या.

आता बाबांच्या फोनचं

स्क्रीन वरून खाली ओढली की दातेरी चाक दिसतं, ते सेटिंग. उलटलेल्या स्क्रीनवर ते दुसऱ्या बाजूला गेलेलं असतं म्हणून जागा नाही, आकार शोधायचा. चाकाजवळ एका गोलात उभी रेघ असलेलं चिन्हही असतं, ते फोन बंद करायचं, ते सोडून द्यायचं. सेटिंगमध्ये आम्ही खालपर्यंत गेलो आणि मणीवाल्या रेघा शोधल्या. ज्या फोनमध्ये हे नसतं तिथे यादीच्या शेवटी शेवटी सिस्टीमचा भाग असतो, त्याच्या आत पृथ्वीच्या गोलाचं किंवा 'A' आणि शेजारी चिनी अक्षर असं चिन्ह भाषेच्या ओळीला असतं. आयफोनवर राखाडी चौकोनातलं दातेरी चाक म्हणजे जनरल, त्याच्या आत भाषा.

भाषांची यादी उघडली की मात्र काम सोपं होतं, कारण तिथे प्रत्येक भाषेचं नाव त्याच भाषेच्या लिपीत लिहिलेलं असतं, त्यामुळे 'मराठी' हा शब्द सरळ मराठीतच दिसतो. आमच्याकडे अरबी वर होती आणि मराठी दुसरी. बाबा 'मराठी'वर दाबत होते आणि काही होईना, कारण त्या फोनमध्ये ओळीच्या टोकाची मूठ धरून ती ओढून वर न्यायची होती. काही फोनमध्ये नुसतं दाबूनही होतं. मराठी यादीतच नसेल तर अधिकचं चिन्ह दाबायचं आणि येणाऱ्या लांबलचक यादीत शोधायचं. मग एक चौकट येऊ शकते, भाषा बदलायची का म्हणून. तिथे मी आमच्या फोनवर अंदाज केला नाही, माझ्या फोनवर गूगल लेन्स उघडून कॅमेरा बाबांच्या स्क्रीनवर धरला, बटणांवरचं भाषांतर लगेच दिसलं. दुसरा फोन हाताशी असेल तर हे सुरुवातीलाच करा, एवढं शोधावं लागत नाही. लेन्स शब्दांचं भाषांतर करतो, नुसत्या चिन्हाचं नाही, म्हणून चिन्हं ओळखता यायलाच लागतात.

फोन मराठीत आला तरी बाबांचं एक ॲप अरबीतच राहिलं. अँड्रॉइड 13 पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, त्यामुळे असं होऊ शकतं. ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरलं, गोलातला 'i' दाबला, आणि उघडलेल्या पानावर भाषेची ओळ होती. आता बाकी सगळं मराठीत असल्याने ती सरळ वाचताच आली.