लाडवांची वाटणी, भांडणाशिवाय

एकाला अर्धा पुरतो, दुसऱ्याला तीन हवेत. सारखे वाटले तरी रडारड होते. आजीने यंदा लाडू लिंबाएवढेच वळले आणि फेऱ्या लावल्या.

१. फेरीत प्रत्येकाला एकच. उचलायचा पहिला मान धाकट्याचा.
२. हातातला संपला तरच पुढचा.

लाडू दहा, नातवंडं चार. पहिल्या फेरीत चार गेले. दुसरीत चार वर्षांची चिमी "पोट भरलं" म्हणाली, तीन गेले. तिसरीत फक्त मोठे दोघे उरले. शेवटच्या लाडवावर दोघांचा डोळा! आजी म्हणाली, "दादा, तू फोड. आधी ताई उचलेल." दादाने इतका जपून फोडला की कणही सांडला नाही.

लहानग्यांच्या लाडवात अख्खे काजू-शेंगदाणे नकोत, घशात अडकतात.