प्लॅन हातात आला की आधी उधारी बघा

कोणाच्या धंद्यात पैसे टाकायच्या आधी प्लॅनमधला पुढच्या पाच वर्षांचा ग्राफ राहू द्या, आधी मागच्या वर्षाची विक्री जीएसटीआर-3बी आणि बँक स्टेटमेंटशी जुळवून बघा (बँकेत जीएसटी धरून रक्कम येते, रिटर्नमधली विक्री टॅक्स सोडून असते हे लक्षात ठेवा). मग बॅलन्स शीटमधली येणी बघा. समजा वर्षाची विक्री 60 लाख आणि येणी 20 लाख, म्हणजे जीएसटी हिशोबात न धरता साधारण चार महिन्यांचे पैसे बाहेर अडकलेत, आणि प्लॅनमध्ये लिहिलंय 45 दिवसांत पेमेंट येतं! तसं असतं तर येणी साडेसात लाखांच्या आसपास दिसली असती. सीझनल धंदा असेल तर मार्चमध्ये येणी फुगलेली दिसू शकतात, म्हणून पार्टीवाइज आणि बिलाच्या तारखेप्रमाणे यादी मागाच, सहा महिन्यांपेक्षा जुनी बिलं त्यात लगेच दिसतात.