गावचा सर्व्हे करताय? मतदार यादीतून नावं उचलायच्या आधी या चुका टाळा

खानापूर तालुक्यातलं एक गाव धरा, साधारण १२०० घरांचं. प्रश्न एकच, किती घरांतलं कोण ना कोण कामाला गोव्यात आहे. डिग्रीच्या प्रोजेक्टला असले प्रश्न आमच्याकडे दरवर्षी येतात, आणि पोरं सुरुवात कशी करतात तर मतदार यादीची प्रिंट काढून, डोळे मिटून १०० नावांवर टिक मारून. यात दोन-तीन चुका एकदम होतात आणि गंमत म्हणजे रिपोर्टमध्ये त्यातली एकही दिसत नाही, पाय चार्ट मात्र रंगीत असतो.

आधी एवढं क्लिअर करून घ्या. सगळ्या १२०० घरांत गेलात तर ती जनगणना, त्यातल्या १०० घरांत गेलात तर ते सॅम्पल. आणि ज्या यादीतून ती १०० घरं उचलली ती यादी म्हणजे सॅम्पलिंग फ्रेम. यादीत जे नाही ते सॅम्पलमध्ये येणारच नाही, मग तुम्ही चिठ्ठ्या टाका नाहीतर कॉम्प्युटरवरनं रँडम नंबर काढा.

पहिली चूक: मतदार यादी म्हणजेच गाव असं धरणं

मतदार यादी मतदानासाठी केलेली असते, तुमच्या सर्व्हेसाठी नाही. त्यात वारलेल्या माणसांची नावं राहिलेली असतात, लग्न होऊन चंदगडला गेलेल्या पोरीचं नाव अजून माहेरीच असतं, आणि गावाबाहेरच्या नव्या प्लॉटात भाड्यानं राहणाऱ्यांची नावं त्यांच्या मूळ गावात. वीटभट्टीवरची कुटुंबं तर यादीत नसतातच.

पण याहून छुपी भानगड वेगळीच आहे. तुम्हाला मोजायची आहेत घरं आणि यादी आहे माणसांची. ज्या एकत्र कुटुंबात ८ मतदार आहेत ते घर तुमच्या चिठ्ठीत यायची शक्यता, दोघंच म्हातारा-म्हातारी राहतात त्या घराच्या चौपट झाली की नाही? आणि ८ मतदारांच्या घरातलं कोणतरी गोव्याला असणं जास्त शक्य, म्हणजे तुमची टक्केवारी आपोआप वर सरकली, कुणी खोटं न बोलता.

उपाय सोपा आहे पण पाय दुखवणारा. आधी गल्लीगल्ली फिरून घरांची यादी करा, सरकारी जनगणनेतसुद्धा आधी घरयादी होते आणि माणसं नंतर मोजतात. २०११ च्या जनगणनेची घरयादी २०१० मध्येच झाली होती, आणि तिथं कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं हा हिशेब असतो. तोच तुम्हीही धरा, कारण एका वाड्यात भावाभावांच्या तीन चुली असल्या तर ती तीन कुटुंबं, दारावरचा नंबर एक असला तरी. यादी झाली की १ ते १२ मधला एक आकडा चिठ्ठीनं काढायचा, समजा ५ आला, तर ५ वं कुटुंब, मग १७ वं, मग २९ वं, असं शेवटपर्यंत, १०० कुटुंबं बरोबर मिळतात. फिरायला खरंच वेळ नसेल आणि मतदार यादीच वापरायची असेल तर निदान प्रत्येक निवडलेल्या घरात यादीतले मतदार किती ते लिहून घ्या आणि हिशेब करताना ८ मतदारांच्या घराला एक अष्टमांश वजन द्या, दोनच्या घराला अर्धं. भाडेकरू मात्र तरीही सुटतातच.

दुसरी चूक: कुलूप दिसलं की शेजारच्या घरात जाणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात जास्त नडते. समजा दुपारी फिरलात, १०० पैकी २२ घरांना कुलूप. उरलेल्या ७८ मध्ये २८ घरं म्हणाली हो, आमचा माणूस गोव्यात आहे, म्हणजे ३६ टक्के. आता कुलपं का आहेत याचा विचार करा की जरा! बऱ्याच ठिकाणी अख्खं बिऱ्हाडच चोर्ला घाट उतरून गेलंय. म्हणजे जे मोजायला आलात तेच हातातनं सुटलं, आणि बदली म्हणून शेजारचं घर घेतलं तर आकडा १०० चा पूर्ण दिसेल पण तो घरी सापडणाऱ्यांचा १०० असेल.

बदली घेऊच नका. त्याच २२ घरांत संध्याकाळी जा, रविवारी जा, जमलं तर गणपतीत जा, तेव्हा सगळे गावात असतात. धरा १५ घरं सापडली आणि त्यातली १२ हो म्हणाली. आता ९३ पैकी ४०, म्हणजे ४३ टक्के. सात टक्क्यांचा फरक नुसत्या कुलपांचा. राहिलेली ७ रिपोर्टमध्ये न सापडलेली म्हणून स्पष्ट लिहायची, लपवायची नाहीत.

तिसरी चूक: सॅम्पल वाढवलं की सगळं बरोबर होतं असं वाटणं

दुसरी १०० घरं निघाली असती तर उत्तर थोडं वेगळं आलं असतं, हा जो नशिबाचा फरक तो सॅम्पलिंग एरर. तो मोजता येतो. ४० टक्के हो आणि १०० घरं असली तर ०.४ गुणिले ०.६ भागिले १००, त्याचं वर्गमूळ काढा, साधारण ०.०४९, त्याची दुप्पट म्हणजे वरखाली १० टक्के. ४०० घरं घेतली की तो ५ वर येतो, गाव लहान असल्यानं प्रत्यक्षात आणखी थोडा कमी. म्हणजे फरक अर्धा करायला घरं चौपट, हे गणित मास्तरांना सांगून बघा, लगेच म्हणतील १०० पुरे.

पण कुलपाचा तो फरक? ४०० घरं दुपारीच फिरलात तर तो तसाच राहणार, वर तुम्ही वरखाली ५ टक्के असं छातीठोक लिहिणार. चुकीची यादी, बंद घरं, प्रश्न न समजणं, मराठी घरात कन्नड फॉर्म वाचून दाखवणं, नाहीतर रेशन कार्डावर काही होईल म्हणून पोरगा गोव्यात असल्याचं न सांगणं, हे सगळं नॉन-सॅम्पलिंग एरर. घरं वाढवून ते कमी होत नाही, उलट जास्त घरांना जास्त पोरं लागतात आणि घाईघाईत फॉर्म भरले जातात, मग ते वाढतंच.

अख्खी १२०० घरं घेतली तर सॅम्पलिंग एरर शून्य, हे खरं, पण तेवढंच. २०११ ला बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ आली, शेवटच्या १ पर्यंत मोजल्यासारखी दिसते. पण जनगणनेनंतर निवडक भागांत परत जाऊन जी पडताळणी करतात, त्यात देशपातळीवर हजारी २३ माणसं निव्वळ मोजायची राहिल्याचं निघालं. (हा आकडा देशाचा आहे, तो आपल्या जिल्ह्याला लावून गुणाकार करत बसू नका.) आणि ही पडताळणी कशी, तर सॅम्पल घेऊन! थोडी घरं, जास्त शिकलेली माणसं, निवांत विचारपूस, म्हणून सॅम्पलनं जनगणनेची चूक पकडता येते.

मग आपली चूक कळायची कशी

संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या सर्व्हेत एक युक्ती वापरली, पुढं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही ती आली. सॅम्पलचे चिठ्ठी टाकून दोन भाग करायचे, दोन्ही भाग गावभर पसरलेले, आणि दोन वेगळ्या टोळ्यांना द्यायचे. तुमच्या १०० घरांत ५०-५० करा. नशिबानंसुद्धा ५०-५० मध्ये बराच फरक पडू शकतो, २० टक्क्यांच्या आसपासपर्यंत घाबरू नका. पण एकीचे ३० टक्के आणि दुसरीचे ५६ आले तर दोन्ही टोळ्यांना समोरासमोर बसवून विचारा प्रश्न कसा विचारला, कुठल्या वेळी गेलात, कुणाला विचारलंत, सासूला की सुनेला.

फक्त दोन्ही टोळ्या दुपारीच गेल्या आणि दोघींनी कुलपं सोडली तर आकडे छान जुळतील आणि दोन्ही कमीच असतील, तिथं ही युक्ती काही दाखवत नाही. त्यासाठी प्रत्येक फॉर्मवर गेल्याची तारीख, वेळ आणि कितव्या फेरीत घर सापडलं हे लिहून घ्या, आणि पहिल्या फेरीतली घरं व नंतर सापडलेली घरं यांची टक्केवारी वेगवेगळी काढा.